पट्टीवरचे हिरवे ठिपके

बावीस वर्षं मी आमच्या लॅबचा निरोगी माणूस होतो. हे पद मला कुणी दिलं नव्हतं. मीच घेतलं होतं आणि मीच मिरवत होतो.

कोल्हापुरात राजारामपुरीच्या एका गल्लीत, पहिल्या मजल्यावर, माझी रक्त-लघवी तपासायची छोटी लॅब आहे. मी टेक्निशियन. रिपोर्ट बघून सह्या करायला पॅथॉलॉजिस्ट मॅडम दुपारी येतात. माझ्या जोडीला एक बाई आहेत, गेली बारा वर्षं. रोज सकाळी मुरगूडहून एसटीने येतात, माझ्याआधी पोचतात आणि मी आत पाऊल टाकलं की घड्याळाकडे बघतात. त्यांना मी 'बाई' म्हणतो, त्या मला 'सर' म्हणतात, पण लॅबमध्ये नक्की कुणाचं चालतं हे विचारू नका.

लघवी तपासायची पट्टी म्हणजे प्लास्टिकची बारीक काडी. तिच्यावर छोटे छोटे रंगीत चौकोन असतात. लघवीत बुडवून काढली की साखरेचा चौकोन साखर सांगतो, प्रथिनांचा प्रथिनं सांगतो, रक्ताचा रक्त. पट्ट्यांची नवी बाटली फोडली की ती ठीक आहे ना हे बघायला एक खात्रीचा निरोगी नमुना लागतो. त्यात सगळे चौकोन आपापल्या मूळ रंगावर राहायला हवेत. बाकीचे लोक त्यासाठी तयार द्रावण विकत आणतात. मी माझी लघवी वापरायचो. ताजी, हक्काची, आणि इतकी वर्षं एकदाही चौकोन हलला नव्हता. मॅडम म्हणायच्या, "अहो, ही काही पद्धत नव्हे." मी म्हणायचो, "मॅडम, कंपनीची बाटली एक वेळ खराब निघेल, मी नाही निघणार." असा माझा तोरा.

दोन वर्षांपूर्वीच्या जानेवारीत एका सोमवारी मी नवी बाटली फोडली, माझ्या नमुन्यात पट्टी बुडवली आणि मिनिटभराने बघितलं, तर रक्ताच्या पिवळ्या चौकोनावर हिरवे ठिपके उठलेले. राईचे दाणे विखरावेत तसे. दुसरी पट्टी घेतली. तेच. तिसरी घेतली. तेच. आता कुठल्याही शहाण्या माणसाच्या मनात पहिला प्रश्न काय यावा? माझ्या मनात आला तो असा, की या व्यापाऱ्याने मला बाद माल दिला.

मी तिथल्या तिथे फोन लावला. आम्हाला पट्ट्या आणि काचसामान पुरवणारे गृहस्थ जयसिंगपूरचे, साठीच्या पुढचे, जैन, बोलायला इतके मऊ की त्यांच्याशी भांडताना आपलीच आपल्याला लाज वाटते. त्या दिवशी मला ती वाटली नाही. "तुमचा माल उन्हात तापलाय. सगळ्या पट्ट्या रक्त दाखवतायत. रिपोर्ट चुकले तर लोक माझी गचांडी धरतील," असं बरंच काही मी बोललो. ते एवढंच म्हणाले, "उद्या दुसरी बाटली पाठवतो, साहेब."

दुसरी बाटली आली. वेगळ्या खोक्यातली, वेगळ्या नंबराची. मी माझा नमुना घेतला आणि पट्टी बुडवली. हिरवे ठिपके.

मग मी विसळायच्या पाण्यावर घसरलो. काचेच्या भांड्यात जंतुनाशकाचा अंश राहिला तरी पट्टी फसते, हे खरं आहे. भांडी धुणाऱ्या मावशींना मी चार शब्द सुनावले. त्यांनी भांडं माझ्यासमोर पाच वेळा विसळलं आणि दर वेळी वर धरून दाखवलं. नव्या कोऱ्या डबीत नमुना घेतला. ठिपके तिथेही हजर.

बुधवारी व्यापारी स्वतःच आले. हातात पिशवी, पिशवीत तिसरी बाटली. दुपारचे तीन वाजले होते आणि सूर्य मावळायच्या आत त्यांना घरी जेवायला पोचायचं होतं, म्हणून चहासुद्धा घेतला नाही. खुर्चीच्या कडेला टेकून ते म्हणाले, "साहेब, पंचवीस वर्सं धंदा करतोय. तुमच्याइतकं जुनं गिऱ्हाईक दुसरं न्हाय. पण माल खराब न्हाय."

"मग हे काय आहे?" मी पट्टी त्यांच्या नाकासमोर धरली.

त्यांनी चष्मा वर सरकवून ती नीट बघितली. मग शांतपणे उठले, टेबलावरची एक रिकामी डबी उचलली आणि म्हणाले, "संडास कुठं हाय?"

पाच मिनिटांनी डबी भरून आली. मी त्याच बाटलीतली पट्टी त्यांच्या नमुन्यात बुडवली. रक्ताचा चौकोन पिवळाधमक राहिला. त्यांनी रुमालाने हात पुसले, इतकंच.

त्याच वेळी मायक्रोस्कोपवरून मान न उचलता बाई बोलल्या, "सर, सोमवारपास्नं या पट्ट्यांवर चाळीस-बेचाळीस पेशंट झालं. ज्याला असायचं त्यालाच रक्त दाखवतंय. सगळ्या दुनियेचं बरोबर येतंय आणि तुमचं एकट्याचं चुकतंय व्हय?"

मी म्हणालो, "म्हणजे?"

"म्हंजे पट्ट्या चांगल्या हायत."

खोलीत मी, बाई आणि जयसिंगपूरचे व्यापारी. तिघंही माझ्या डबीकडे बघत होतो. नाचता येईना अंगण वाकडे, ही म्हण मी आयुष्यभर दुसऱ्यांना ऐकवत आलोय.

पण मी इतक्यात कसला हरतोय! पट्टी म्हणजे फक्त इशारा, रक्त आहे की नाही हे मायक्रोस्कोप ठरवतो, हे मीच नव्या मुलांना शिकवत आलो आहे. म्हणून मी तेच वाक्य फेकलं. बाईंनी ते जमिनीवर पडू दिलं नाही. माझा नमुना नळीत ओतला, सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवला, वरचं पाणी टाकून दिलं, तळाच्या गाळाचा थेंब काचेवर घेतला आणि डोळा लावला. मी बघत होतो. दहा वर्षांत त्यांना इतका वेळ लावताना मी पाहिलं नव्हतं.

"धा ते बारा," त्या म्हणाल्या. म्हणजे मोठ्या भिंगातून एका वेळी जेवढं दिसतं तेवढ्या गोलात दहा-बारा तांबड्या पेशी. तीन दिसल्या तरी आम्ही पुढे बघायला सांगतो.

"यीस्ट असेल," मी म्हणालो. बुरशीच्या पेशीही तशाच गोल दिसतात, नवशिका फसतो.

बाईंनी माझ्याकडे असं बघितलं की मी नवशिका झालो. त्यांनी काचेच्या कडेला पातळ ॲसेटिक ॲसिडचा एक थेंब सोडला. बुरशी असेल तर ती ढिम्म राहते, तांबड्या पेशी असतील तर फुटून नाहीशा होतात. "आता बघा तुमी," म्हणून त्या खुर्चीवरून उठल्या.

मी बसलो. एका कडेने पेशी विरत चालल्या होत्या. एक गेली, शेजारची गेली, मग एकदम चार-पाच गेल्या. हजारो लोकांच्या पेशी मी अशा विरताना पाहिल्या असतील. या माझ्या होत्या. खोटं कशाला बोलू, मी घाबरलो.

व्यापारी जायला निघाले तेव्हा मी त्यांची माफी मागितली. हात जोडून मागितली. त्यांनी माझे हात धरले आणि म्हणाले, "दाखवून घ्या, साहेब. बाटली काय, दुसरी मिळंल." तिसरी बाटली ठेवून ते एसटी गाठायला गेले.

घरी बायकोला सांगितलं. ती कागलची. गोड बोलणं तिला जमत नाही, खरं बोलणं जमतं.

"दुखतंय काय?"

"नाही."

"जळजळ?"

"नाही."

"लघवी लाल होतीया?"

"अगं, डोळ्यांना काहीच दिसत नाही. मायक्रोस्कोपमध्येच दिसतंय."

"मग उद्या डॉक्टरकडं जायाचं."

"दुखत नाही तर घाई कशाला?" मी म्हणालो आणि स्वतःचंच वाक्य माझ्या कानावर पडलं. हे वाक्य मी किती जणांना बोललो असेन! रिपोर्ट न्यायला आलेला माणूस कागदावर बोट ठेवून विचारायचा, "हे तांबड्या पेशी काय हाय?" आणि मी, मला कुणी न विचारता, वर डॉक्टरकी करायचो: "दुखत नाही ना? मग काही नसेल. कधीतरी दाखवा." धीर द्यायची हौस. मला ते दयाळूपणाचं वाटायचं.

आमच्याच इमारतीत खाली फिजिशियन आहेत, माझ्याहून दहा वर्षांनी लहान. त्यांच्यापुढे मी कारणांची यादी घेऊन बसलो. रविवारी मी रंकाळ्याला फेऱ्या मारल्या होत्या, तेही दोन वर्षांनी पहिल्यांदा, पळत. फार जोराच्या व्यायामाने लघवीत पेशी येतात, हे काही मी बनवलेलं नाही. डॉक्टर म्हणाले, "येतात की. चार दिवस पळू नका आणि परत तपासा. व्यायामाच्या असतील तर जातील. आणि एक करा."

"काय?"

"तुमची लघवी तुम्ही तपासू नका. तुमच्या बाईंनी बघू दे."

चार दिवस मी जिना चढतानासुद्धा हळू चढलो. पाचव्या दिवशी बाईंनी नमुना बघितला. धा ते बारा. आणखी दोन दिवसांनी. तेवढ्याच. बुरशी नाही, जंतूंची वाढ नाही, पूच्या पेशी नाहीत. म्हणजे जंतुसंसर्गावर ढकलायची सोयसुद्धा गेली.

मग डॉक्टरांनी मला दोन रस्ते समजावले. तसे मला ते माहीत होते, पण माहीत असणं वेगळं आणि समोरच्या खुर्चीत बसून ऐकणं वेगळं. लघवीत रक्त येतं ते एक तर मूत्रपिंडाच्या गाळणीतून, नाहीतर गाळणीच्या पुढच्या वाटेतून: नळी, मूत्राशय, प्रोस्टेट. गाळणीच गळत असेल तर पेशी तिथून पिळवटून बाहेर पडतात आणि वेड्यावाकड्या होतात, सोबत प्रथिनं येतात, पेशी चिकटून त्यांचे नळकांड्यासारखे साचे येतात, रक्तदाब चढतो, रक्तात क्रिएटिनिन हा मूत्रपिंडाने बाहेर टाकायचा कचरा वाढतो. म्हणून ते सगळं मोजलं. रक्तदाब ठीक. क्रिएटिनिन ठीक. प्रथिनं नाहीत.

"आणि पेशींचा आकार?" डॉक्टरांनी विचारलं.

बाईंना मी सोबत नेलं होतं, म्हणजे त्याच आल्या होत्या. त्या पदर सावरून म्हणाल्या, "सगळ्या गोल हायत, डॉक्टर. एका साच्यातनं काढल्यागत. वाकडी एक बी न्हाय. दोन-दोन येळा ताजा नमुना घिऊन बघितलंय. साचे बी न्हाईत."

"म्हणजे मूत्रपिंडं बहुतेक निर्दोष. रक्त वाटेत कुठेतरी मिसळतंय," डॉक्टर म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "वय छप्पन. सिगरेट?"

"सोडली. सहा वर्षं झाली."

"किती वर्षं ओढलीत?"

"वीस. रोज दहाएक."

शेजारच्या खुर्चीतून बायको म्हणाली, "बारा-पंधरा लिवा."

डॉक्टरांनी बारा-पंधरा लिहिलं. म्हणाले, "दुखलं असतं तर मी आधी खडा शोधला असता. दुखत नाही, म्हणून मूत्राशय दुर्बिणीने आतून बघायला हवं. बहुतेक वेळा काही गंभीर निघत नाही. पण न बघता मी तसं म्हणणार नाही." आणि त्यांनी युरॉलॉजिस्टच्या नावाने चिठ्ठी लिहिली.

कॅन्सर हा शब्द त्यांनी त्या दिवशी उच्चारला तो एकदाच, अगदी साध्या आवाजात. आम्ही तिघं जिना चढून वर आलो तेव्हा बायकोने माझा दंड धरला होता. लग्नाला तीस वर्षं झाली, भर जिन्यात दंड धरायची तिची ही पहिलीच वेळ.

आधी सोनोग्राफी. मूत्रपिंडं दोन्ही झकास, खडा नाही, सूज नाही, मूत्राशयात काही दिसत नाही. मी ते कागद हातात घेऊन अक्षरशः नाचत बाहेर आलो. रिक्षा थांबवून अर्धा किलो जिलेबी घेतली, लॅबमध्ये वाटली, आणि बाईंना म्हणालो, "बघा! काही नाही म्हणून मी सांगतच होतो. आता ती दुर्बीण-बिर्बीण रद्द."

बाईंनी जिलेबी घेतली, खाल्ली, बोटं पुसली. मग म्हणाल्या, "सर, आपल्या लॅबमधी पट्टीनं 'न्हाय' म्हटलं म्हणून तुमी कधी मायक्रोस्कोप बंद ठेवलाय व्हय?"

"तो वेगळा विषय आहे."

"त्योच विषय हाय. बारीक काय असलं तर सोनोग्राफीत सुटतं, असं खालच्या डॉक्टरांनीच सांगितलंय. मी तितंच बसलेली हुती."

मी चिडलो. खरंच चिडलो. मालक कोण, नोकर कोण इथपर्यंत गेलो, आणि ते शब्द तोंडातून सुटताच मला माझी शरम वाटली. बाई तशाच उभ्या राहिल्या. मग त्यांचा आवाज जरा चिरकला. "मालक तुमीच हाय की. म्हणून तर सांगतीया. जित्तं ऱ्हावा आन् मालकी करा."

मी रडलो नाही म्हणालो तर बाई हे वाचून हसतील. मी रडलो, आणि दुर्बिणीची वेळ त्यांनीच फोन करून घेतली.

युरॉलॉजिस्टकडे जायच्या आधी मला भीती होती ती नळीची. पुरुषाच्या जातीला नळी म्हटलं की जे वाटतं ते. प्रत्यक्षात त्यांनी बधिर करणारी जेली घातली, बारीक लवचिक दुर्बीण सरकवली, आणि मी जेवढं ओरडायची तयारी करून गेलो होतो त्याच्या पाव हिश्श्यानेही ओरडलो नाही. पडदा माझ्याही बाजूला वळवलेला होता. डॉक्टर म्हणाले, "तुम्ही याच धंद्यातले. बघायचंय?"

मी बघितलं. मूत्राशय आतून किती देखणं असतं हे मला माहीत नव्हतं. फिकट गुलाबी, त्यावर लाल शिरांची नाजूक जाळी. डॉक्टर दुर्बीण हळूहळू फिरवत होते: हा तळ, हा उजवा कोपरा, इथून या मूत्रपिंडाचं पाणी येतं. मग डाव्या भिंतीशी दुर्बीण थांबली.

तिथे हुलग्याच्या दाण्याएवढं काहीतरी पाण्यात डुलत होतं. बारीक बारीक बोटांचं, एका देठावर. कॉलीफ्लॉवरच्या तुऱ्याचा तुकडा जणू. त्याच्या टोकाशी लाल ठिपका होता.

"हा तुमचा गुन्हेगार," डॉक्टर म्हणाले. "लहान आहे. वेळेत सापडलाय."

मला त्या क्षणी काय वाटलं सांगू? भीती तर वाटलीच. पण तिच्या मागोमाग, लाज वाटावी असा, आनंद वाटला. सापडलास! तीन आठवडे मी पट्ट्यांशी, पाण्याशी, मावशींशी, एका भल्या व्यापाऱ्याशी भांडत होतो, आणि तू इथे बसला होतास.

पुढच्या आठवड्यात कमरेत इंजेक्शन देऊन, बाहेरून एकही टाका न घालता, दुर्बिणीतूनच तो खरवडून काढला. मग मूत्राशयात औषध सोडलं. दोन दिवस लघवी लाल झाली, पण ती सांगून-सवरून. काढलेला तुकडा तपासायला गेला तो आमच्याच मॅडमकडे. ते चार दिवस मात्र लांबले. गाठ वरवरची आहे की भिंतीच्या स्नायूत शिरलीय, यावर सगळं होतं. शिरली असेल तर पुढची वाट फार वेगळी आणि फार कठीण होती. बायको रोज सकाळी देवाला फूल वाहायची आणि मला म्हणायची, "तुमच्यासाठी न्हाय, मी रोजच वाहतीया."

पाचव्या दिवशी मॅडम दुपारच्या ऐवजी सकाळीच आल्या. खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाल्या, "लो ग्रेड, म्हणजे सौम्य जातीची. वरच्या थरातच आहे. खाली स्नायू स्वच्छ आहे, मी सगळे काप दोनदा बघितले." मग त्यांनी मला मायक्रोस्कोपजवळ बोलावलं. "या, तुमचंच आहे, बघा."

जांभळ्या-गुलाबी रंगातली ती बोटं नीट, ओळीत उभी होती. पेशी जरा दाटीने वाढलेल्या, पण शिस्त न सोडलेल्या. आणि खाली स्नायूचे पट्टे, मोकळे, कोणी न शिरलेले. मी त्या पट्ट्यांकडेच बघत राहिलो. मॅडम म्हणाल्या, "ही पुन्हा उगवू शकते, म्हणून तीन महिन्यांनी दुर्बीण चुकवायची नाही. मग वर्षाने, आणि पुढेही." मी हो म्हणालो. दुर्बिणीच्या तारखा मी कॅलेंडरवर सणांच्या तारखांसारख्या लिहीन म्हणालो.

त्या तीन महिन्यांत मी दोन गोष्टी केल्या. पहिली, नॉर्मल द्रावणाची बाटली मागवली, अर्थात जयसिंगपूरहून. दुसरी, बोलायची सवय बदलली. आता तांबड्या पेशी आल्या आणि दुखत नाही असं कुणी म्हटलं की मी बसायला सांगतो. मध्यंतरी वारणानगरचे एक निवृत्त कामगार आले होते, तोंडात तंबाखू, आवाज खणखणीत. "काय दुखत न्हाय, काय जळत न्हाय. मग कशाला डॉक्टर?" मी म्हणालो, "पावणं, माझंही दुखत नव्हतं." आणि मी त्यांना सगळं सांगितलं, नळीसकट. बहुतेकांचं काही निघत नाही हेही सांगितलं. कधी कधी तर सगळं तपासूनही कारण सापडत नाही, मग लघवी अधूनमधून बघत राहायची. ते नळीपाशी जरा दचकले, पण चिठ्ठी घेऊन डॉक्टरकडे गेले. प्रोस्टेट वाढलेलं निघालं, बाकी काही नाही. नंतर येऊन पायरीवरूनच ओरडले, "काय न्हाय म्हणं! उगं भ्या दावलंसा!" इतकी गोड शिवीगाळ मी कधी ऐकली नव्हती.

तीन महिन्यांनी दुर्बीण झाली. डाव्या भिंतीवर पांढरट वण होता, बाकी सगळं गुलाबी. मी डॉक्टरांना म्हणालो, "परत एक फेरी माराल का?" ते हसले आणि खरंच परत एकदा सगळीकडे फिरवून आणलं. बाहेर बायको बाकावर बसली होती. मी काही बोलायच्या आत तिला माझ्या तोंडावरून कळलं. तिने पदराने डोळे पुसले आणि म्हणाली, "चला, भूक लागलीया."

दुर्बिणीनंतर दोन आठवड्यांनी लघवीची तपासणी होती. दुर्बिणीने निकाल दिलेलाच होता, डॉक्टरांना एवढ्याने फरक पडत नव्हता. मला पडत होता. सकाळी नमुना दिला आणि सवयीने मायक्रोस्कोपच्या खुर्चीकडे निघालो, तर बाईंनी हात आडवा केला. "पेशंट भायेर बसत्यात."

मी बाहेर येऊन बाकावर बसलो. माझ्याच लॅबच्या बाकावर मी कधी बसलो नव्हतो. तो इतका अरुंद आहे हेही मला ठाऊक नव्हतं. शेजारी एक म्हातारी नातवाला मांडीवर घेऊन बसली होती. पलीकडे मिशीवाले दोघं. भिंतीवरचं घड्याळ पाच मिनिटं पुढे होतं. आत सेंट्रिफ्यूज घुमत होता, मग थांबला. मग काहीच आवाज नाही. इतकी वर्षं लोक इथे बसून याच शांततेत काय काय मनात आणत असतील, आणि मी आत रेडिओ लावून बसायचो.

बाईंनी दार उघडून माझं नाव पुकारलं, पुरतं, आडनावासकट, पेशंटला पुकारतात तसं. पाकीट दिलं. मी ते घाईत वाकडंतिकडं फाडलं. तांबड्या पेशींच्या ओळीपुढे त्यांच्या अक्षरात एकच शब्द होता: निल.

हा शब्द मी आयुष्यात किती कागदांवर, घाईघाईत, मान वर न करता लिहिला असेल, त्याची गणती नाही. त्या सकाळी मी तो दोनदा वाचला, तिसऱ्यांदा वाचला आणि मोठ्याने हसू लागलो. हसता हसता डोळ्यांतून पाणी यायला लागलं. बाई दारात उभ्या होत्या. त्याही हसत होत्या आणि नाक ओढत होत्या.

शेजारच्या म्हातारीने विचारलं, "काय झालं वं, पावणं?"

"काही नाही, आजी," मी म्हणालो. "काही नाही आलंय."

"काय न्हाय म्हणून येवढं हसतोयास?" ती नातवाला दुसऱ्या मांडीवर घेत म्हणाली. "मग सर की जरा तिकडं, माज्या पोराला बसू दे."